बोर्डापासून शीर्षकापर्यंत : कोर्टाच्या बातमीत अब्रुनुकसानी आणि अवमान कुठे दडलेले असतात

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात पहिल्यांदा बातमीसाठी जाणारा विद्यार्थी बहुतेक वेळा दोन समजुती बरोबर घेऊन जातो. पहिली म्हणजे ‘कथित’ हा शब्द टाकला की आपण सुटलो. दुसरी म्हणजे नाव छापलं नाही की कुणी काही करू शकत नाही. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दोन्हींपायी चांगल्या बातमीदारांना तारखा कराव्या लागल्याचं मी पाहिलंय. मी बरीच वर्षं कोर्टाची बीट केली, आता पत्रकारितेच्या मुलांना तीच शिकवतो. अब्रुनुकसानी आणि न्यायालयाचा अवमान हे विषय पुस्तकात दोन वेगळ्या प्रकरणांत असतात. प्रत्यक्षात एकाच चार परिच्छेदांच्या बातमीत दोन्ही शेजारी शेजारी बसलेले असतात. म्हणून इथे सगळा कायदा सांगत बसत नाही. जामिनाची एक साधी बातमी घेऊ आणि तिच्यातलं वाक्य न् वाक्य तपासू.

वर्गात मी सरावासाठी एक कच्ची बातमी देतो. ती रचलेली आहे, पण तिच्यातली प्रत्येक चूक कुठल्या ना कुठल्या नवख्या बातमीदाराने खरोखर केलेली आहे:

“ठेवीदारांना गंडवणाऱ्या भामट्या सचिवाला दणका. पतसंस्थेच्या ठेवीदारांचे ४२ लाख रुपये हडप करणाऱ्या सचिवाचा जामीन अर्ज न्यायालयाने सोमवारी फेटाळला. आरोपीने पोलिसांपुढे गुन्ह्याची कबुली दिली असून हडपलेल्या पैशातून त्याने होटगी रस्त्यावर बंगला बांधला आहे. या कामात त्याच्या मेव्हण्याचाही हात असल्याचे ठेवीदार सांगतात. याआधी दोनदा सुनावणी पुढे ढकलण्यात आली होती. त्यामागे ‘अर्थपूर्ण’ कारण असल्याची चर्चा न्यायालयाच्या आवारात रंगली होती.”

मुलांना ही बातमी आवडते. वाचायला चटपटीत आहे. आता हीच नीट करू.

आधी कायद्याची चौकट, जेवढी हवी तेवढीच

अब्रुनुकसानीचे दोन रस्ते असतात. एक फौजदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या कलम ४९९ आणि ५०० ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षांची साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि नव्या कायद्यात समाजसेवेचीही शिक्षा आली आहे. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे कुणी चिडून पोलीस ठाण्यात गेलं म्हणून पोलीस तुम्हाला उचलून नेत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याला स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद द्यावी लागते. ही फौजदारी तरतूद घटनाबाह्य ठरवावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली होती. सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने ती मान्य केली नाही. दुसरा रस्ता दिवाणी, म्हणजे भरपाईचा दावा. तो बातमी प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षांची मुदत आहे.

दोन्ही रस्त्यांत सत्याची किंमत सारखी नाही, हे नीट समजून घ्या. दिवाणी दाव्यात मजकूर खरा असल्याचं सिद्ध झालं की तेवढा बचाव पुरतो. फौजदारीत मात्र कलमाच्या पहिल्या अपवादानुसार मजकूर खरा असावा लागतो आणि तो छापणं लोकहिताचंही असावं लागतं. आणि अपवादाचा आधार घ्यायचा तर तो लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. “मी खरं लिहिलं” एवढं पुरत नाही. ते कागदाने दाखवता आलं पाहिजे.

अवमानाचा कायदा १९७१ चा. बातमीदाराला काळजी असते ती फौजदारी अवमानाची. न्यायालयाची प्रतिष्ठा खाली आणणारं, चालू खटल्यावर परिणाम करणारं किंवा न्यायदानाच्या कामात अडथळा आणणारं प्रकाशन त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा बघून मुलं निर्धास्त होतात, पण खरा त्रास वेगळाच असतो. सोलापुरातल्या न्यायालयाच्या अवमानाचं प्रकरण या कायद्याखाली उच्च न्यायालयात चालतं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला, म्हणून आता मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. तरीही उच्च न्यायालयापुढे उभं राहून प्रतिज्ञापत्र देणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

आता तुमची ढाल. न्याय संहितेच्या कलम ३५६ चा चौथा अपवाद सांगतो की न्यायालयातल्या कामकाजाचा किंवा त्याच्या निकालाचा मुळात खरा असलेला वृत्तांत ही अब्रुनुकसानी नव्हे. अवमान कायद्याचं कलम ४ सांगतं की न्यायालयीन कामकाजाचा निष्पक्ष आणि अचूक वृत्तांत हा अवमान नव्हे. दोन वेगळे कायदे तुम्हाला जवळजवळ एकच संरक्षण देतात. पण ते कोर्टाच्या कामकाजाच्या वृत्तांताला आहे, कोर्टाच्या इमारतीत ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला नाही. वरच्या कच्च्या बातमीतला जवळजवळ प्रत्येक घोटाळा इथूनच सुरू होतो.

पहिली पायरी : वाक्य कुठून आलं ते समासात लिहा

मी विद्यार्थ्यांना वही दोन भागांत आखायला लावतो. डावीकडे वाक्य, उजवीकडे ते कुठून आलं. उजव्या बाजूला फक्त काही ठराविक उत्तरं चालतात: न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात सांगितलं; सरकारी वकिलांनी युक्तिवादात सांगितलं; बचाव पक्षाने सांगितलं; आदेशात आहे; रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत आहे; पोलिसांनी सांगितलं; व्हरांड्यात ऐकलं. पहिली पाच कामकाजात येतात. शेवटच्या दोन येत नाहीत.

कच्ची बातमी या वहीत उतरवून बघा. “जामीन फेटाळला” हे आदेशात आहे. “४२ लाख” सरकारी वकिलांच्या युक्तिवादात होतं. “कबुली दिली” तपास अधिकाऱ्याने चहाच्या टपरीवर सांगितलं. “बंगला” फिर्यादी ठेवीदाराने व्हरांड्यात सांगितला. “मेव्हणा” दुसऱ्या ठेवीदाराने. “अर्थपूर्ण” कुणी म्हटलं ते आठवत नाही. सहा माहितींपैकी ढालीआड येतात फक्त दोन, आणि बातमीत मात्र सगळ्या एका सुरात, एका खात्रीने लिहिल्या आहेत.

आदेशाची खात्री करणं आता सोपं झालंय. ई-कोर्टाच्या services.ecourts.gov.in या संकेतस्थळावर प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं, आणि चढवलेला असेल तर आदेशही वाचता येतो. क्रमांक दारावर लावलेल्या बोर्डावरून, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीवरून, किंवा वकिलांकडून मिळवा. आदेश दिसला नाही तर बेंच क्लार्कला सभ्यपणे विचारा. वकिलाने तोंडी सांगितलेला निकाल कागदाशी ताडून बघितल्याशिवाय लिहू नका. ‘अर्ज निकाली काढला’ आणि ‘अर्ज फेटाळला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. घाईत असलेला वकील दोन्ही एकाच सुरात सांगून जातो.

न्यायाधीश सुनावणीत तोंडी जे बोलतात ते छापता येतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या तोंडी शेऱ्यांची बातमी माध्यमांना देऊ नये, अशी मागणी निवडणूक आयोगाने केली होती; सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती नाकारली. मात्र तोंडी शेरा हा तोंडी शेराच असतो. “सुनावणीदरम्यान न्यायाधीशांनी विचारले” असं लिहा. “न्यायालयाने ठपका ठेवला” असं लिहाल तर तो आदेशात सापडला पाहिजे.

इथे एक अडचण सांगायला हवी. दोषारोपपत्राची प्रत एखादा वकील तुमच्या हातात ठेवतो तेव्हा खजिना मिळाल्यासारखं वाटतं. पण दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. ती तपास यंत्रणेची बाजू असते आणि तिच्यात अशा माणसांचीही नावं असतात जी आरोपी नाहीत. त्यातला जो भाग खुल्या न्यायालयात वाचला गेला, तो कामकाजाचा भाग म्हणून लिहा. बाकीचा स्वतंत्रपणे पडताळल्याशिवाय लिहू नका.

दुसरी पायरी : क्रियापद कुणाचं आहे ते बघा

“हडप करणाऱ्या सचिवाचा” या तीन शब्दांत तुम्ही खटला चालवून निकालही दिलात. मराठीत हा सापळा फार गोड असतो, कारण ‘करणारा’ असं विशेषण नावाच्या आधी बिनबोभाट लावता येतं आणि वाचताना ते आरोपासारखं वाटतच नाही. गंडवणारा, लुटणारा, लाटणारा. असं विशेषण दिसलं की ते तोडून वेगळं वाक्य करा आणि त्या वाक्याला कर्ता द्या. “रक्कम खात्यात जमा केली नाही, असा सरकार पक्षाचा आरोप आहे.” आता आरोप करणारा सरकार पक्ष, आणि तुम्ही वृत्तांत देणारे.

‘कथित’ हा शब्द हे काम करत नाही. “कथित भामटा” लिहिलं तरी वाचकाच्या मनात भामटाच राहतो, आणि आरोप कुणी केला हेही कळत नाही. दुसऱ्याने केलेली बदनामी पुन्हा छापणं ही नवी बदनामी ठरू शकते. “सोशल मीडियावर चर्चा आहे” म्हणून तीच गोष्ट तुम्ही छापलीत तर तुम्हीही प्रकाशक झालात. ‘भामटा’, ‘ठकसेन’, ‘महाठग’ हे शब्द शिक्षा होईपर्यंत वापरू नका. खरं तर त्यानंतरही त्यांची गरज पडत नाही.

शीर्षकाची जबाबदारी उपसंपादकाची, असं म्हणून बातमीदार मोकळा होतो. पण नोटीस आली तर त्यात त्याचं नाव असू शकतं. त्यामुळे बातमीबरोबर शीर्षकही स्वतः सुचवून द्या. “भामट्या सचिवाला दणका” ऐवजी “पतसंस्था अपहार प्रकरण : माजी सचिवाचा जामीन नामंजूर”. तो पूर्वी सचिव होता आणि आता नाही, हेही तपासून घेतलेलं असावं.

तिसरी पायरी : कबुली, बंगला आणि मेव्हणा

पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीचं वाक्य सर्वांत धोक्याचं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जे न्यायालयापुढे यायलाच नको असं कायदा म्हणतो, तेच तुम्ही सकाळी साऱ्या गावाला वाचायला देता. अवमान कायद्याच्या कलम ३ नुसार दोषारोपपत्र दाखल झालं किंवा समन्स वा वॉरंट निघालं की फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ धरलं जातं आणि अपील संपेपर्यंत ते तसंच राहतं. “प्रकरण चालू असल्याचं मला माहीतच नव्हतं” हा बचाव खऱ्या अज्ञानाला मिळतो. कोर्टात बसून बातमी लिहिणाऱ्याला नाही.

मग दोषारोपपत्राआधी सगळं मोकळं आहे का? निलेश नवलखा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की तपास चालू असतानाचा माध्यमांतला खटलाही न्यायदानात अडथळा ठरू शकतो. आरोपीची पोलिसांपुढची कबुली पुरावा असल्यासारखी छापणं, साक्षीदारांच्या मुलाखती घेणं, गुन्ह्याचं नाट्यरूपांतर दाखवणं, आरोपी दोषीच आहे असं भाकीत करणं हे टाळावं असं न्यायालय म्हणालं. हा आपल्याच उच्च न्यायालयाचा निर्णय आहे, म्हणून मुलांकडून मी त्याचा हा भाग दोनदा वाचून घेतो.

बंगल्याचं वाक्य खरं असूही शकतं. पण तो कुणाच्या नावावर आहे, कधी बांधला, कुठल्या पैशातून, हे सिद्ध करणारा कागद तुमच्याकडे आहे का? मिळकतीचा उतारा काढला आणि बंगला खरंच त्याच्या नावावर निघाला, तरी ‘हडपलेल्या पैशातून’ हे दोन शब्द उताऱ्यात नसतात. हे वाक्य आता काढा. सरकारी वकिलांनी ते युक्तिवादात मांडलं तर त्यांच्या नावाने घाला.

मेव्हणा आरोपी नाही. त्याचं नावही तुम्ही लिहिलेलं नाही. मग अडचण काय? नाव महत्त्वाचं नसतं, ओळख पटते की नाही हे महत्त्वाचं असतं. सचिवाला एकच मेव्हणा असेल तर सगळ्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि त्याच्या दुकानावर येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो कोण हे लगेच कळतं. तेवढं पुरतं. नाव न छापल्याने उलटही होतं. “विजापूर रस्त्यावरच्या एका रुग्णालयात” असं लिहिलं तर त्या रस्त्यावर मोजकी रुग्णालयं असल्यास संशय सगळ्यांवर पडतो, आणि ज्यांचा काही संबंध नाही ते तुमच्या दारात येतात. ‘सगळे व्यापारी’ असं मोघम लिहिलं तर कुणा एकाला फिर्याद करता येत नाही. गट जितका लहान आणि ठरलेला, तितकी ओळख पक्की.

चौथी पायरी : दुसरी बाजू आणि ओळख

कच्च्या बातमीत बचाव पक्षाचा एकही शब्द नाही. कलम ४ मधला ‘निष्पक्ष’ हा शब्द इथे कामाला येतो. प्रत्येक शब्द खरा असूनही बातमी एकतर्फी असू शकते. बचाव पक्षाच्या वकिलांनी सांगितलं होतं की रक्कम संचालक मंडळाच्या ठरावानुसार वळवली आणि सर्व कागद तपास यंत्रणेच्या ताब्यात आहेत. हे दोन मुद्दे बातमीत हवेत, आणि शेवटच्या ओळीत नाही, जिथे पानावर जागा कमी पडली की उपसंपादक कापतो.

ओळखीबद्दल सांगताना मला माझी एक चूक आठवते. सुरुवातीच्या काळात मी एका आरोपीचं फक्त नाव आणि आडनाव दिलं. सोलापूरच्या पूर्व भागात एकेका आडनावाची कितीतरी घरं आहेत. त्याच नावाचे एक यंत्रमाग कारखानदार दुसऱ्या दिवशी कार्यालयात आले. ओरडले नाहीत. त्यांच्या मुलीची बोलणी चालू होती, एवढंच म्हणाले. मी दुरुस्ती छापली, पण झालं ते झालं. तेव्हापासून मी वडिलांचं नाव, वय आणि पेठ किंवा गाव घेतल्याशिवाय आरोपीचं नाव लिहीत नाही. ही चार खुणांची ओळख आरोपीला झाकत नाही. त्याच नावाच्या इतरांना वाचवते.

छायाचित्राचं तर त्याहून वाईट. १० सप्टेंबर २००८ रोजी ‘टाइम्स नाऊ’ वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या एका न्यायमूर्तींच्या जागी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं छायाचित्र दाखवलं. नावातलं साम्य हेच कारण. छायाचित्र पडद्यावर सुमारे पंधरा सेकंद होतं. सावंतांनी पुण्यात दावा केला आणि २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने शंभर कोटी रुपयांची भरपाई ठरवली. अपिलासाठी उच्च न्यायालयाने वीस कोटी रुपये जमा करायला आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. वाहिनीचा हेतू वाईट होता असं कुणी म्हटलं नव्हतं. फेसबुकवरून आरोपीचा फोटो उचलताना हे पंधरा सेकंद आठवा. चेहरा त्याच माणसाचा आहे हे त्याला ओळखणाऱ्या दोन स्वतंत्र माणसांनी सांगेपर्यंत तो लावू नका. आणि ओळख परेड व्हायची असेल तर तो बरोबर असला तरी लावू नका, कारण साक्षीदाराने आधी वर्तमानपत्रात चेहरा पाहिला की परेडला अर्थ उरत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या आणि बालकांच्या प्रकरणांत वरचं सगळं पाळूनही भागत नाही, तिथे आणखी कडक नियम आहेत. न्याय संहितेचं कलम ७२ पीडितेची ओळख छापायला मनाई करतं, आणि कलम ७३ नुसार अशा खटल्याचं कामकाज न्यायालयाच्या परवानगीशिवाय छापणं हाच गुन्हा आहे. पोक्सो कायद्याचं कलम २३ बालकाची शाळा, घर, नातेवाईक यांपैकी काहीही उघड करायला मनाई करतं. तालुक्यातल्या छोट्या गावाचं नाव आणि वडिलांचा व्यवसाय एवढं दिलं तरी ओळख उघड होते.

पाचवी पायरी : ‘अर्थपूर्ण’ हा शब्द

मराठी वर्तमानपत्रांत ‘अर्थपूर्ण’ या अवतरणातल्या शब्दाचा अर्थ काय, हे वाचकाला सांगावं लागत नाही. लाच असा उघड शब्द नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, असं बातमीदाराला वाटतं. पण वाचकाला जे समजतं तेच न्यायालय बघतं, आणि सूचक लिखाणही बदनामीत धरलं जातं. इथे त्यावर अवमानाची भर पडते, कारण बोट न्यायाधीशांकडे जातं. एका वाक्यात दोन्ही कायदे.

यावर उपाय मौन नाही, रोजनामा आहे. त्या तारखांना काय झालं हे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत असतं. आपल्या कच्च्या बातमीत रोजनामा बघितला तर पहिल्या तारखेला सरकारी वकिलांनी म्हणणं मांडायला मुदत मागितलेली आणि दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. सगळी ‘चर्चा’ दोन ओळींत संपली. तुम्ही मात्र ती छापली असती तर पुरावा म्हणून काय दाखवलं असतं?

न्यायालयावर टीका करताच येत नाही असं समजू नका. कलम ५ नुसार निकाल लागून गेलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर निष्पक्ष टीका हा अवमान नाही. निकालात कुठला पुरावा दुर्लक्षित राहिला, कायद्याचा अर्थ का पटत नाही, हे सविस्तर लिहा. जिल्ह्यात किती खटले किती वर्षं पडून आहेत, याची आकडेवारी राष्ट्रीय न्यायिक माहिती जाळ्यावर सगळ्यांना खुली आहे. त्यावरही लिहा, लिहायलाच हवं. २००६ च्या दुरुस्तीनंतर अवमानाच्या प्रकरणातही सत्य हा बचाव मांडता येतो, पण ते लोकहिताचं असावं आणि बचाव प्रामाणिक आहे अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. निकाल चुकला असं म्हणणं आणि न्यायाधीशाचा हेतू वाईट होता असं सुचवणं यांच्यामध्ये रेघ आहे. दुसरं लिहायचं तर पुरावा कागदावर हवा, आणि तेव्हाही संपादक आणि वकील यांच्याबरोबर बसून.

नीट केलेली बातमी

“पतसंस्था अपहार प्रकरण : माजी सचिवाचा जामीन अर्ज नामंजूर. ठेवींमधील ४२ लाख रुपयांच्या अपहाराच्या आरोपावरून अटकेत असलेल्या पतसंस्थेच्या माजी सचिवाचा जामीन अर्ज सत्र न्यायालयाने सोमवारी नामंजूर केला. ठेवीदारांना पावत्या दिल्या, पण रक्कम खात्यात जमा केली नाही, असा आरोप सरकारी वकिलांनी युक्तिवादात केला. रक्कम संचालक मंडळाच्या ठरावानुसार वळवण्यात आली आणि सर्व कागदपत्रे तपास यंत्रणेच्या ताब्यात असल्याने आरोपीच्या कोठडीची गरज नाही, असे बचाव पक्षाने सांगितले. साक्षीदारांवर दबाव येण्याची शक्यता नोंदवून न्यायालयाने अर्ज नामंजूर केला. प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झाले असून खटल्याची सुनावणी अद्याप सुरू झालेली नाही.”

ही बातमी कमी चटपटीत आहे, पण वाचकाला जास्त कळतं. पैसे कसे गेले म्हणतात, आरोपीचं म्हणणं काय, जामीन का नाकारला, पुढे काय. कच्च्या बातमीत यातलं एकही नव्हतं.

नोटीस आलीच तर

वकिलाची नोटीस हातात पडली की मुलांचा पहिला हात मोबाइलकडे जातो. समोरच्याला फोन करून समजूत घालावी असं वाटतं. करू नका. घाबरून बोललेलं वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. नोटीस त्याच दिवशी संपादकाकडे द्या, मिळाल्याची तारीख टाकून. बातमी संकेतस्थळावरून गुपचूप उडवू नका. आधी तिची तारखेसह प्रत काढा, मग संपादक आणि वकील ठरवतील. वही, ध्वनिमुद्रण, आदेशाची प्रत एका पाकिटात घाला.

चूक खरंच झाली असेल तर दुरुस्ती लवकर आणि तितक्याच ठळकपणे द्या. दुरुस्तीत आरोप पुन्हा लिहू नका. “अमुक यांनी पैसे हडपले असे आम्ही म्हटले होते, ते चुकीचे आहे” यात बदनामी दुसऱ्यांदा छापली गेली. “सोमवारच्या बातमीतील छायाचित्र संबंधित व्यक्तीचे नव्हते. चुकीबद्दल क्षमस्व.” एवढं पुरतं. अवमानाच्या प्रकरणातही प्रामाणिक क्षमायाचना न्यायालय स्वीकारू शकतं. ती पहिल्या तारखेला आली तर प्रामाणिक वाटते, शिक्षा समोर दिसल्यावर आली तर नाही.

त्या पाकिटावर बातमीची तारीख लिहा आणि किमान तीन वर्षं ते फेकू नका; फौजदारी फिर्यादीची मुदत तेवढी आहे. मी त्याच पाकिटावर प्रकरणाचा सीएनआर क्रमांकही लिहितो आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो टाकून बघतो. कारण एकदा एक जण माझं जुनं कात्रण घेऊन आला होता. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती. तो निर्दोष सुटून आठ महिने झाले होते आणि आम्ही एक ओळ छापली नव्हती. त्याने फिर्याद केली नाही, फक्त निकालाची नक्कल टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्याच जागी ती बातमी लागावी म्हणून मी संपादकांशी अर्धा तास भांडलो, आणि ती तिथेच लागली.